एक गुंठा विकता का येत नाही? मोशीच्या जमिनीतून समजून घ्या तुकडेबंदीचं कोडं

पुणे-नाशिक महामार्गावर भोसरी सोडली की मोशीपर्यंत आणि पुढे इंद्रायणी ओलांडून चाकणपर्यंत एक पाटी सतत दिसत राहते: ‘एक गुंठा, दोन गुंठे, सुलभ हप्ते, तात्काळ खरेदीखत’. ही पाटी बघून पैसे गुंतवलेल्या अनेकांना पुढे कळतं की सातबारावर नाव लागत नाही, बँक कर्ज देत नाही आणि पुढे विकायचं म्हटलं तर घेणाऱ्याचा वकील कागद परत करतो. कारण विचारलं की एकच शब्द ऐकू येतो, ‘तुकडा’.

हा शब्द नेमका काय आहे, तो मोशीत लागू आहे की नाही आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने दिलेल्या माफीने तो संपला का, याबद्दल इतकी उलटसुलट माहिती फिरते आहे की एकदा सगळं सावकाश उलगडून बघायला हवं.

तुकडा म्हणजे किती?

कायदा १९४७ चा आहे. नाव लांबलचक, धारण जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करण्याबाबत व त्यांचे एकत्रीकरण करण्याबाबत अधिनियम. नावातच दोन कामं आहेत. एक, जमिनीचे आणखी तुकडे होऊ द्यायचे नाहीत. दोन, आधीच विखुरलेले तुकडे एकत्र आणायचे. मोशी-चिखलीच्या खरेदीखतांत सर्व्हे नंबरऐवजी ‘गट नंबर’ दिसतो, तो या दुसऱ्या कामाचा, म्हणजे एकत्रीकरण योजनेचा परिणाम आहे. पहिलं काम मात्र अजून वादात आहे.

या कायद्यानुसार सरकार प्रत्येक भागासाठी एक ‘प्रमाणभूत क्षेत्र’ ठरवतं. त्याहून लहान जमीन म्हणजे तुकडा. पूर्वी हे क्षेत्र तालुक्यागणिक वेगळं असे. ८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने अकोला, रायगड आणि मुंबईचे दोन जिल्हे वगळता उरलेल्या ३२ जिल्ह्यांत ते एकसारखं केलं: जिरायतीसाठी २० गुंठे, बागायतीसाठी १० गुंठे. हे ग्रामीण शेतजमिनीसाठी आहे, शहरी हद्दीसाठी नाही. मोशीच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे, त्याकडे पुढे येऊ.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. म्हणजे कोरडवाहू शेतात अर्ध्या एकराच्या खाली गेलात की तुम्ही कायद्याच्या भाषेत तुकड्याचे मालक झालात.

यात एक जुना, पण इंद्रायणीकाठच्या लोकांना उपयोगाचा अपवाद आहे. नदीने काठ खरवडून नेल्यामुळे क्षेत्र कमी झालं असेल, तर ती जमीन तुकडा मानली जात नाही.

कायदा नेमकं काय थांबवतो?

मालकी थांबवत नाही. तुमच्याकडे आधीपासून पाच गुंठ्यांचा तुकडा असेल तर तो तुमचाच आहे, कसा, वापरा, वारसांना जाऊ द्या. वारसनोंद होते. बंधन आहे ते हस्तांतरणावर.

कलम ७ म्हणतं की तुकडा म्हणून नोंदलेली जमीन फक्त लगतच्या जमिनीच्या मालकालाच विकता येईल. खंडाने द्यायची तरी लगतची जमीन कसणाऱ्यालाच. कर्जासाठी सरकारकडे, भूविकास बँकेकडे किंवा सहकारी संस्थेकडे तारण ठेवता येते. कलम ८ म्हणतं की मोठ्या जमिनीतून नवा तुकडा तयार होईल अशी विक्री किंवा वाटणी करायची नाही. आणि कलम ८ अअ सांगतं की वाटणी करताना तुकडा होत असेल, तर ज्याच्या वाट्याला जमीन येऊ शकत नाही त्याला तिच्या बदल्यात पैसे द्यायचे.

हे वाचायला सोपं आहे. घरात आलं की काय होतं ते बघू.

समजा, खेड तालुक्यात आतल्या बाजूला, महापालिका-नगरपरिषदांच्या हद्दीबाहेर आणि आराखड्यात शेतीखाली दाखवलेल्या भागात, वडिलांच्या नावावर ३० गुंठे जिरायत आहे. वडील गेले. दोन भाऊ, एक बहीण. तिघांचा हिस्सा सारखा, म्हणजे दहा-दहा गुंठे. जिरायतीची मर्यादा २० ची, त्यामुळे तीन तुकडे करता येत नाहीत. थोरला म्हणाला, ‘मी वीस घेतो, दहा धाकट्याला’, तरी चालत नाही, कारण उरलेले दहा पुन्हा तुकडाच. म्हणजे ही जमीन कायद्याने एकालाच घेता येते. बाकी दोघांना पैसे. आता थोरल्याकडे वीस गुंठ्यांचे पैसे नाहीत, बहिणीला तिचा हिस्सा हवा आहे, आणि धाकट्याला जमीन सोडायची नाही. मग काय होतं? काहीच होत नाही. सातबारावर तिघांची नावं सामाईक राहतात. पुढच्या पिढीत ती नऊ होतात.

आता याच शेतात विहीर असती आणि सातबाराच्या क्षेत्रात ते बागायत म्हणून लागलं असतं, तर दहा-दहा गुंठे तिघांना बिनबोभाट मिळाले असते. तीच माती, तेच नातं, फरक फक्त पाण्याच्या नोंदीचा. म्हणून वाटणीचा विचार असेल तर आधी गाव नमुना सात-बारावरचं जिरायत-बागायत क्षेत्र आणि पाण्याच्या साधनाची नोंद खरी आहे का, ते तपासा. विहीर असूनही ती सातबारावर न लागलेली घरं कमी नाहीत.

लगतच्या मालकालाच विकायच्या अटीची दुसरी बाजू कायद्याच्या पुस्तकात दिसत नाही, गावात दिसते. तुमच्या तुकड्याचा एकच संभाव्य ग्राहक शेजारी असेल आणि त्याला ते माहीत असेल, तर भाव तोच ठरवतो. बांधाचा जुना वाद असेल तर तो घेतच नाही. कायद्याने शेजाऱ्याला पहिला हक्क द्यावा, त्याला विरोध नाही. पण त्याच्याखेरीज दुसरं कोणी घेऊच शकत नाही आणि किमान भावही कुठे ठरवलेला नाही, ही व्यवस्था लहान माणसाला लहानच ठेवते. माझ्या मते शेती विभागातल्या तुकडेबंदीत सगळ्यात आधी दुरुस्त व्हायला हवं ते हेच: शेजाऱ्याने ठरावीक मुदतीत वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यातल्या दराने घेतली नाही, तर दुसऱ्या शेतकऱ्याला विकण्याची मुभा मिळावी.

२०२४ मध्ये नियमांत काही फटी जाणूनबुजून उघडल्या गेल्या. विहिरीसाठी, शेतरस्त्यासाठी, भूसंपादनानंतर उरलेल्या जमिनीसाठी आणि ग्रामीण घरकुलाच्या लाभार्थ्यासाठी, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने, प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा कमी जमीन घेता येते. शेतकऱ्याच्या रोजच्या अडचणी बघून केलेली ही दुरुस्ती चांगलीच होती. पण तिचा आणि प्लॉटिंगचा संबंध नाही. ‘विहिरीसाठी म्हणून घेऊ, मग घर बांधू’ असं कोणी सुचवलं तर लक्षात ठेवा, तो वापर सातबारावर नोंदला जातो.

हा कायदा आला कुठून?

या प्रश्नाचं उत्तर पिंपरी-चिंचवडमध्येच आहे. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी शंभर वर्षांपूर्वी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास केला. आज जिथे टॉवर आणि मॉल आहेत तेच पिंपळे सौदागर. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की १७७१ मध्ये गावात सरासरी धारणा ४० एकरांची होती, ती १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली. १५६ खातेदारांकडे मिळून ७२९ तुकडे होते. त्यातले ४६३ एका एकरापेक्षा लहान आणि ११२ तर पाव एकरापेक्षाही लहान. एकाच शेतकऱ्याच्या पट्ट्या गावभर विखुरलेल्या. बैल आणि नांगर इकडून तिकडे नेण्यातच दिवस जायचा.

हे आकडे पुढे देशभर उद्धृत झाले. १९२७ मध्ये मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात लहान धारणांविषयीचं विधेयकही आलं. त्याला विरोध करणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्यांनी १९१८ मध्येच या विषयावर निबंध लिहिला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जमीन लहान आहे की मोठी हा खरा प्रश्न नाही, त्या जमिनीवर किती भांडवल आणि किती माणसं आहेत हा प्रश्न आहे. शेतीवर नको इतकी माणसं अवलंबून आहेत म्हणून तुकडे पडतात. ती माणसं उद्योगात गेली तर तुकड्यांचा प्रश्न सुटेल. कायद्याने वाटणी थांबवली तर मात्र वंचित राहिलेले भूमिहीन होतील. विधेयक बारगळलं. वीस वर्षांनी, १९४७ मध्ये, कायदा झालाच.

मोशीकडे बघताना ही चर्चा मला फार बोलकी वाटते. इथे उद्योग आले. भोसरीत आले, चाकणला आले. शेतीवरची माणसं कारखान्यांत गेली. पण तुकडे थांबले नाहीत, उलट वाढले. मॅन यांच्या काळात तुकडे पाडत होती ती वारसाहक्काची वाटणी. मोशीत ते पाडले ते घराच्या गरजेने. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेल्या कामगाराला शिफ्टच्या जागेपासून सायकलच्या अंतरावर पत्र्याची का होईना, स्वतःची खोली हवी होती. त्याच्या खिशात एका गुंठ्याचे पैसे होते, वीस गुंठ्यांचे नाही. सरकारी घरं पुरेशी नव्हती. शेतकऱ्यालाही ऊस-ज्वारीपेक्षा गुंठ्याचा भाव परवडत होता. १९४७ चा कायदा नांगराला अडचण होऊ नये म्हणून लिहिलेला. तो अशा माणसांवर लागू झाला ज्यांनी त्या जमिनीवर नांगर चालवायचाच नव्हता.

मग मोशीत तुकडेबंदी आहे की नाही?

मोशी १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. २०१६ च्या दुरुस्तीने तुकडेबंदी कायद्यात कलम ८ ब आलं. महापालिका, नगरपरिषद, विशेष नियोजन प्राधिकरण यांच्या हद्दीतली जमीन, आणि प्रादेशिक आराखड्यात निवासी, व्यापारी, औद्योगिक अशा बिगरशेती वापरासाठी दाखवलेली जमीन, यांना कलम ७, ८ आणि ८ अअ लागू नाही असं त्यात म्हटलं आहे.

म्हणजे मोशीत २० गुंठ्यांची अट गेली. इथवर एजंट बरोबर सांगतो. तो जे सांगत नाही ते पुढच्या ओळीत आहे. त्याच कलमाच्या परंतुकात अट आहे की अशा क्षेत्रातला जमिनीचा भाग विकायचा असेल, तर तो मंजूर पोटविभाजन किंवा मंजूर रेखांकन, म्हणजे आपण ज्याला ले-आउट म्हणतो, त्यातून तयार झालेला असला पाहिजे.

थोडक्यात, मोशीत एक गुंठा विकता येतो, पण तो महापालिकेच्या नगररचना विभागाने मंजूर केलेल्या नकाशातला प्लॉट हवा. चुन्याच्या फक्कीने आखलेला नाही. लोक ‘तुकडेबंदी उठली’ एवढंच ऐकतात. बंदी उठली ती गुंठ्यांच्या आकड्यावरची. तिच्या जागी नकाशाची अट आली.

आणि ही अट मला पूर्णपणे योग्य वाटते. शहरात प्रश्न प्लॉट किती लहान हा नसतोच. त्याला रस्ता आहे का, ड्रेनेजची लाइन कुठून जाणार, आगीचा बंब आत येईल का, हा असतो.

शेतकरी नकाशा का करत नाही?

कारण हिशेब. एक एकर घ्या, ४० गुंठे, ४,०४७ चौरस मीटर. समजा जमीन साधारण ४० मीटर रुंद आणि १०० मीटर लांब आहे आणि एका टोकाला सार्वजनिक रस्ता आहे.

राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीत दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. एक एकर ही मर्यादा जेमतेम ओलांडतो. चार गुंठे गेले. आतला रस्ता नऊ मीटरचा हवा. तो ९० मीटर आत नेला तर ८१० चौरस मीटर, म्हणजे आठ गुंठे. विकायला उरले २८ गुंठे. त्यातून मोजणी, वास्तुविशारद, महापालिकेचं शुल्क, रस्ता आणि गटार बांधण्याचा खर्च. शिवाय क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा मोठं आणि प्लॉट आठपेक्षा जास्त असल्याने महारेराकडे नोंदणी.

आता नकाशाशिवाय. मधून बारा फुटांची वाट सोडली, तेवढ्याच लांबीला सव्वातीन गुंठे जातात. मोकळी जागा शून्य. विकायला पावणेसदतीस गुंठे उरतात. म्हणजे नकाशा टाळला की पावणेनऊ गुंठे जास्त विकता येतात. मोशीतल्या गुंठ्याच्या भावाने त्याला गुणलं की या सगळ्या प्रकरणाची मुळं कुठे आहेत ते कळतं. हे पावणेनऊ गुंठे विकणाऱ्याच्या किंवा मधल्या माणसाच्या खिशात गेले. ते ज्यांचे होते, म्हणजे रस्त्याची रुंदी आणि मुलांचं मैदान, ते घेणाऱ्यांच्या वाट्यातून गेले. आणि कायदा मोडल्याचा शिक्का बसला तोही घेणाऱ्याच्या सातबारावर.

नोंदणी झाली म्हणजे झालं?

नाही, आणि इथे सर्वाधिक माणसं फसतात. जुलै २०२१ मध्ये नोंदणी महानिरीक्षकांनी परिपत्रक काढून परवानगीशिवाय तुकड्यांचे दस्त नोंदवू नयेत असं दुय्यम निबंधकांना सांगितलं. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द ठरवलं. लगेच बातमी पसरली की गुंठ्याची खरेदी पुन्हा सुरू. पण वाद होता तो निबंधक दस्त नाकारू शकतो का, याचा. तुकडेबंदी कायद्यातलं कलम ९, ज्यात कायद्याविरुद्धचं हस्तांतरण शून्यवत ठरतं, ते जागच्या जागी राहिलं.

दस्त नोंदणी म्हणजे सरकारदरबारी कागद जमा झाला, मुद्रांक शुल्क भरलं. इंडेक्स २ वर नाव आलं म्हणजे मालकी निर्दोष झाली असं नव्हे. पुढची पायरी असते फेरफाराची. तलाठी नोंद धरतो, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो किंवा रद्द करतो. तिथे तुकडा अडतो. किंवा नाव कब्जेदार सदरात न लागता ‘इतर हक्क’ सदरात जातं, सोबत तुकडेबंदी कायद्याविरुद्ध व्यवहार असल्याचा शेरा.

यातून वाट काढायला निघालेली युक्ती म्हणजे सामाईक खरेदी. दहा-बारा अनोळखी माणसांनी मिळून मर्यादेपेक्षा थोडी जास्त जमीन एकाच खरेदीखताने घ्यायची आणि आपापसांत गुंठे वाटून घ्यायचे. सातबारावर सगळ्यांची नावं येतात, शेरा येत नाही, सगळे खूश. अडचण नंतर सुरू होते. तुम्ही विकत घेतलेला असतो जमिनीतला न विभागलेला हिस्सा. कोपऱ्यावरचा तुमचा प्लॉट फक्त तुमच्या मनात आणि एका नोटरी केलेल्या कागदावर असतो. बांधकाम परवानगीला सगळ्यांची संमती लागते. एकाचं कर्ज थकलं, एक वारला, एकाने आपला हिस्सा भलत्यालाच विकला, की बाकीचे अकरा अडकतात. वाटणी करून मोकळं व्हायचं तर पुन्हा तोच प्रश्न, मंजूर पोटविभाजन कुठे आहे?

माफीचा प्रवास

अशा व्यवहारांना नियमित करण्याची सोय २०१७ च्या दुरुस्तीने आणली. १५ नोव्हेंबर १९६५ पासून त्या दुरुस्तीपर्यंतचे व्यवहार बाजारमूल्याच्या कमाल २५ टक्के रक्कम भरून नियमित करता येत होते. एका गुंठ्यावर पत्र्याचं घर बांधलेल्या माणसाने चौथा हिस्सा किंमत पुन्हा भरायची! फार थोडे पुढे आले असावेत यात नवल नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही रक्कम ५ टक्क्यांवर आणली. जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी विधिमंडळात आणखी सवलतीची घोषणा केली आणि ३ नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशाने रक्कमच काढून टाकली. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले, शहरी आणि आराखड्यात बिगरशेती वापराच्या भागातले व्यवहार विनाशुल्क नियमित.

मोशीतल्या जुन्या प्लॉटधारकासाठी हे मोठं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. इतर हक्कांत अडकलेलं नाव कब्जेदार सदरात येऊ शकतं. रद्द झालेला फेरफार पुन्हा तपासला जाऊ शकतो. तुकडेबंदीचा शेरा निघू शकतो. ज्यांचा कागद फक्त नोटरीचा आहे त्यांना आधी मुद्रांक शुल्क भरून दस्त नोंदवावा लागेल. मूळ मालक किंवा त्याचे वारस सहीला आले तर. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या विक्रेत्याचे वारस आजच्या भावात सही फुकट देतील अशी अपेक्षा भाबडी आहे, आणि अध्यादेशाकडे त्यावर औषध नाही.

माझा आक्षेप माफीला नाही, तिच्या अपुरेपणाला आहे. पहिली गोष्ट, २५, मग ५, मग शून्य. ज्याने आधी भरले तो मूर्ख ठरला आणि ज्याने थांबायचं ठरवलं तो शहाणा. पुढचा प्लॉट पाडणारा या क्रमातून काय शिकेल हे सांगायला नको. मोशीच्या गल्ल्यांत आत्ताच ‘आता घेऊन ठेवा, तारीख पुढे वाढतेच’ हे वाक्य विक्रीच्या बोलण्यात येतं. म्हणून स्पष्ट सांगायला हवं, १५ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या व्यवहाराला ही माफी नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. नाव सातबारावर लागल्याने बारा फुटांची वाट नऊ मीटरची होत नाही. नियमित झाला तो व्यवहार, प्लॉट नाही. त्यावरच्या बांधकामाचा प्रश्न वेगळा, त्यासाठी गुंठेवारी विकास अधिनियम, २००१ आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे भूखंड त्यात येतात. ते अर्ज महापालिकेकडे, तुकडेबंदीचे महसूल खात्याकडे. एकाच घरासाठी दोन दारं, दोन तारखा. निवासी विभागातल्या घराला एक दार उघडलं तरी दुसरं बंद राहू शकतं, आणि आरक्षणात किंवा नदीच्या पूररेषेत असेल तर दोन्ही दारं असून उपयोग नाही.

सरकारने माफी देताना रस्ता मागायला हवा होता. एका गटातल्या सगळ्या प्लॉटधारकांनी मिळून, प्रत्येकाने काही फूट मागे सरकून, सहा मीटर तरी सलग वाट महापालिकेच्या नावे करून दिली तर नोंदी एकत्र नियमित, मोजणी सरकारी खर्चाने, अशी योजना अवघड नाही. आज जिथे पाच-सहाच घरं उभी आहेत अशा गटांत ती अजून शक्य आहे. दोन वर्षांनी तिथे भिंतीला भिंत लागलेली असेल.

घेण्याआधी काय बघायचं

सातबारा bhulekh.mahabhumi.gov.in वर फुकट बघता येतो, तिथूनच सुरुवात करा. तीन ठिकाणी थांबा. कब्जेदार सदरात किती नावं आहेत आणि क्षेत्र सामाईक आहे का. विकणाऱ्याच्या नावापुढे स्वतंत्र क्षेत्र आहे, की तो पंधरा जणांपैकी एक आहे. आणि इतर हक्कांत तुकडा, बोजा, कूळ, आरक्षण असा काही शेरा आहे का. शेवटचे काही फेरफार काढून वाचा. रद्द झालेली नोंद सातबारावर दिसत नाही, फेरफारात दिसते.

मग महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला. गट कोणत्या विभागात आहे, विकास आराखड्यातला रस्ता किंवा आरक्षण त्यावर आहे का, ते त्यात कळतं. आणि विकणाऱ्याकडे मंजूर रेखांकनाची प्रत मागा. त्यावर मंजुरीचा क्रमांक आणि तारीख असते, तुमच्या प्लॉटला त्यात नंबर असतो आणि चारही बाजूंची मापं असतात. रंगीत ब्रोशरवरचा नकाशा म्हणजे मंजूर नकाशा नव्हे. एजंट म्हणाला, ‘साहेब, ते प्रोसेसमध्ये आहे’, तर अर्जाचा आवक क्रमांक मागून स्वतः कार्यालयात जाऊन विचारा.

इंद्रायणीच्या पलीकडे, कुरुळी, चिंबळी, मोई, निघोजेच्या बाजूला घेणार असाल, तर एक प्रश्न जास्तीचा आहे. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना वेगळे नियम असू शकतात. एक बाजू औद्योगिक वा निवासी विभागात, तिथे नकाशाची अट. दुसरी शेती विभागात, तिथे दहा-वीस गुंठ्यांची. गावाचं नाव सांगून उत्तर मिळत नाही, गट नंबर सांगूनच मिळतं.

आणि ज्यांच्याकडे जुना गुंठा आहे त्यांनी मूळ खरेदीखत, इंडेक्स २, रद्द फेरफाराची प्रत, वीजबिल आणि घरपट्टीची पावती एका फाइलमध्ये लावून तलाठी कार्यालयात अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. शेजारच्या चार-पाच प्लॉटधारकांना बरोबर नेलं तर जास्त बरं. एकाच गटातले अर्ज एकत्र गेले की मोजणीही एकदाच होते, आणि वाट किती फुटांची राहिली आहे हे सगळ्यांना एकाच वेळी नकाशावर दिसतं.